उशीची पहाटेची उंची

गादीच्या दुकानात उशी घेताना माणसे ती हाताने दाबून पाहतात. तळहात रुतला आणि सोडताच उशी पुन्हा वर आली, की ती चांगली ठरते. पाव मिनिटात निवड होते आणि पुढची दोन-तीन वर्षे रोज सहा-सात तास त्याच उशीवर मान टेकते. दुकानात हाताला कळते ती उशीची पहिल्या क्षणाची अवस्था. मानेची गाठ मात्र पहाटे चार वाजताच्या उशीशी असते. तोवर ती तासन्‌तास दबलेली असते, तिने घाम शोषलेला असतो आणि कूस बदलताना तिच्या पोटातला माल इकडचा तिकडे झालेला असतो. कापूस, फायबर, मेमरी फोम आणि पिसे या चार भरणांमधला खरा फरक या वेळी दिसतो. मऊपणा चौघांतही मिळतो. डोक्याखाली दबल्यावर उंची किती उरते आणि ती किती काळ टिकते, यात मात्र चौघे एकमेकांपासून फार लांब आहेत.

मानेत सात मणके असतात आणि त्यांची रांग पुढच्या बाजूला किंचित बाकदार असते. त्यावर साडेचार-पाच किलोंचे डोके. दिवसभर ते तोलून धरणाऱ्या स्नायूंना रात्री सुटी मिळायला हवी, आणि ती मिळते तेव्हाच, जेव्हा डोके आणि गादी यांच्यामधली पोकळी उशी नेमकी भरून काढते. उताणे झोपणाऱ्याची पोकळी लहान असते. कुशीवर झोपणाऱ्याची खांद्याच्या रुंदीएवढी मोठी असते. उशी कमी पडली तर डोके खालच्या बाजूला कलते आणि वरच्या बाजूचे स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. उंच पडली तर उलटे होते, आणि उताणे झोपणाऱ्याची हनुवटी छातीकडे ढकलली जाते. सकाळी ‘मान धरली’ म्हणून जी तक्रार होते, तिच्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

म्हणून भरणाआधी उंची ठरवावी. त्यासाठी एक भिंत आणि एक मोजपट्टी पुरते. कुशीवर झोपणाऱ्याने भिंतीला एक खांदा टेकवून, नजर समोर ठेवून सरळ उभे राहावे आणि घरातल्या कुणी तरी कानापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजावे. मोठ्या माणसांत ते बहुधा दहा ते पंधरा सेंटिमीटरच्या दरम्यान भरते. त्यातून गादीत खांदा जितका रुततो तितके वजा करायचे. हा वजाबाकीचा भाग बहुतेक जण विसरतात. कापसाच्या घट्ट गादीवर खांदा जेमतेम रुततो, तर मऊ फोमच्या गादीवर तो सहज तीन-चार सेंटिमीटर खाली जातो. गादी बदलली आणि उशी तीच राहिली, की महिनाभरात मान कुरकुरू लागते ती यामुळे. उताणे झोपणाऱ्याने पाठ भिंतीला लावून डोक्याच्या मागचे अंतर मोजावे. ते बरेच कमी असते. वयाबरोबर पाठीला पोक आलेल्यांचे मात्र खूप जास्त भरते. अशा आजी-आजोबांना ‘मानेसाठी उशीच काढून टाका’ असे सुचवणे चुकीचे आहे. उशी काढली की त्यांचे डोके मागे लटकते.

आलेला आकडा दबलेल्या उशीचा आहे, दुकानातल्या फुगलेल्या उशीचा नाही. घरातली उशी तपासायची तर पाच किलो डाळ किंवा तांदूळ डोक्याएवढ्या गाठोड्यात घट्ट बांधावा, उशीच्या मधोमध ठेवावा आणि गाठोड्याखाली किती उंची उरली ते पट्टीने मोजावे. एकदा लगेच आणि एकदा तीन-चार तासांनी. या दोन आकड्यांतून भरणाचा स्वभाव दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा नीट कळतो.

कापसापासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रातल्या घरांत तो सर्वांत जुना. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली चपट्या, पीळ बसलेल्या नळीसारखा दिसतो. त्याला स्वतःची उसळी फारशी नसते. नव्या उशीचा फुगवटा असतो तो पिंजताना तंतूंच्या मधे अडकलेल्या हवेचा. डोके टेकले की ती हवा निघून जाते, तंतू एकमेकांत रुततात आणि उशी पहिल्या काही आठवड्यांत भराभर बसते. पण एकदा बसली की ती रात्रभर फारशी हलत नाही. गाठोड्याच्या चाचणीत कापसाचे दोन आकडे जवळजवळ सारखे येतात. मानेच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे, आणि तो हाताला कळत नाही. हाताला कापसाची उशी फक्त ‘कडक’ लागते.

दुसरा गुण घामाचा. कापूस हवेतली आणि अंगाची ओल शोषतो. साधारण दमट हवेत तो आपल्या कोरड्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून असतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे मे महिन्यात कापसाच्या उशीवर गाल चिकटत नाही. पण हीच ओल तंतूंना चिकटवते, डोक्याचे तेल त्यात भर घालते आणि गोळे तयार होतात. उन्हात टाकलेली उशी संध्याकाळी थोडी वर येते, कारण ओल गेलेली असते. गोळे मात्र ऊन फोडत नाही. त्यासाठी पिंजाऱ्याकडेच जावे लागते. पूर्वी तो धनुष्यासारख्या मोठ्या कमानीची ताणलेली दोरी कापसात धरून तिच्यावर लाकडी ठोकळ्याचे फटके मारी. दोरी थरथरली की गोळे सुटून कापूस हवेत उडे. आता बहुतेक ठिकाणी काट्यांचा फिरता रूळ असलेले यंत्र ते काम करते. एका तोंडातून पिवळट, चामट झालेले गोळे आत जातात आणि दुसरीकडून पांढरा फुगा बाहेर येतो. खाली धुळीचा आणि तुटक्या तंतूंचा थर साचतो. दर पिंजणीला थोडा कापूस असा कमी होतो, म्हणून जाणता गादीवाला दोन मुठी नवा कापूस मिसळूनच खोळ शिवतो.

कापसाच्या नावाखाली काय भरले जाते, हे मात्र पाहायला हवे. स्वस्त उशांत सूतगिरणीतला उरलेला आखूड माल किंवा जुन्या गाद्यांचा कापूस असतो. खोळीची शिवण दोन बोटे उसवून चिमूटभर कापूस बाहेर काढावा आणि दोन्ही हातांनी हळू ओढावा. चांगला कापूस ताणत ताणत लांब पदरासारखा सुटतो. आखूड माल पटकन तुटतो, त्यातून भुकटी गळते, सरकीच्या सालीचे काळे ठिपके दिसतात. अशी उशी सहा महिन्यांत पाटासारखी होते. कोकणात सावरीच्या कापसाच्या उशा भरल्या जातात. त्या वेगळ्या. सावरीचा तंतू पोकळ, मेणचट आणि अतिशय हलका असतो, पाणी धरत नाही आणि उन्हात छान फुगतो. पण तो ठिसूळ असल्यामुळे पुन्हा पुन्हा पिंजला तर त्याची धूळ होते.

फायबरच्या उशीत पॉलिएस्टरचे तंतू असतात. त्यांतला चांगला प्रकार आतून पोकळ आणि स्प्रिंगसारखा वळलेला असतो, आणि त्यावर सिलिकॉनचा पातळ लेप असतो. वळणामुळे उसळी येते, पोकळीमुळे वजन कमी होते आणि लेपामुळे तंतू एकमेकांवरून घसरतात, गुंतत नाहीत. दुकानात सर्वांत जास्त फुगलेली, हाताला सर्वांत आवडणारी उशी हीच. ती धुता येते, स्वस्त असते, पिंजाऱ्याची गरज नसते. हॉस्टेलच्या मुलांना किंवा पाहुण्यांच्या खोलीला ती सोयीची.

मानेला तिचा त्रास दोन ठिकाणी होतो. नवी असताना ती इतकी उसळते की हलके डोके तिच्यावर तरंगत राहते, आणि जुनी होताना ती हळूहळू, कळणार नाही अशी खचते. कापूस खचला की गोळे हाताला लागतात, तक्रार होते, उशी पिंजायला जाते. फायबर खचते तेव्हा वरून सगळे ठीक दिसते. दिवसा अंथरुणावर ठेवलेली उशी फुगलेलीच असते, पण डोक्याखाली ती अर्ध्या उंचीवर येते. मग माणसे तिला दुमडून घेतात किंवा दोन उशा घेतात. उशी दुमडून घ्यावीशी वाटू लागली, की ती संपली असे समजावे. खात्री करायची असेल तर ती मधोमध दुमडून, हवा दाबून काढून सोडून द्यावी. जिवंत उशी स्वतःहून झटक्यात उलगडते. जी दुमडलेलीच पडून राहते तिला उन्हाने किंवा धुण्याने पुन्हा उभारी येणार नाही. रोजच्या वापरात साधारण दीड-दोन वर्षांत ही वेळ येते, फोमचा चुरा मिसळलेल्या स्वस्त मालात त्याहून लवकर.

मेमरी फोमची गोष्ट अंतराळ संशोधनातून येते. १९६६ साली ‘नासा’च्या एका कंत्राटावर काम करताना चार्ल्स योस्ट या अभियंत्याने विमानाच्या आसनांसाठी धक्का सोसणारा हा फोम तयार केला. साधा फोम दाबला की लगेच उलट ढकलतो. हा सावकाश दबतो, डोक्याचा आकार घेतो आणि उठल्यावर सावकाश मूळ रूपात येतो. डोक्याचे वजन त्यामुळे मोठ्या भागावर पसरते, कानाला किंवा गालाच्या हाडाला एकाच जागी टोचत नाही, आणि मानेखालची पोकळीही भरते. पहिल्या काही मिनिटांत खाली जाऊन तो थांबतो, आणि पहाटेपर्यंत जवळपास तेवढाच राहतो. उंची टिकवण्यात चौघांत तो सर्वांत भरवशाचा.

पण तो उष्णतेने बदलतो, आणि आपल्याकडे हे फार महत्त्वाचे आहे. थंडीत हा फोम कडक होतो, उबेत मऊ. डिसेंबरमध्ये नाशिकच्या थंड खोलीत तीच उशी पहिली दहा मिनिटे लाकडी पाटासारखी लागते, आणि मे महिन्यात नागपूरच्या उकाड्यात इतकी सैल पडते की डोके दीड-दोन सेंटिमीटर जास्त आत जाऊ शकते. एसी लावून झोपणाऱ्याला आणि पंख्याखाली झोपणाऱ्याला म्हणून एकाच उशीचा वेगवेगळा अनुभव येतो. शिवाय फोम अंगाची ऊब धरून ठेवतो. ज्यांच्या मानेला घाम येतो त्यांनी सुती अभ्रा घालूनही रात्र नीट जात नसेल, तर हा पर्याय सोडावा. तो धुता येत नाही आणि उन्हात टाकला तर पिवळा पडून भुरभुरतो. घरात कुणी तरी सवयीने गादीबरोबर तीही गच्चीवर नेते आणि उशी वाया जाते. नव्या उशीला रसायनाचा वास येतो, तो काही दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवल्याने जातो.

मेमरी फोमची खरी अडचण अशी की त्याची उंची कारखान्यात ठरते. कापूस काढता-घालता येतो. फोमचा ठोकळा कापता येत नाही. खोक्यावर छापलेली उंची न दबलेल्या उशीची असते. बारा सेंटिमीटर लिहिलेली उशी डोक्याखाली आठ-नऊ उरणार, हे गृहीत धरूनच आकडा निवडावा. पुढे-मागे दोन उंचवटे आणि मधे खोलगट भाग असलेल्या उशांना दुकानात ‘सर्व्हायकल पिलो’ म्हणतात. ती उंची ज्याच्या मानेला जुळली त्याला ती आवडते, इतरांना उंचवटा टोचतो. ठोकळ्याऐवजी फोमचे तुकडे भरलेली, चेन लावलेली उशी मिळत असेल तर ती जास्त शहाणपणाची, कारण तिच्यातले मूठभर तुकडे काढून ठेवता येतात.

पिसांची उशी थंड, कोरड्या मुलुखातली. तिच्यात दोन वस्तू असतात: दांडी असलेले साधे पीस आणि बदक-हंसांच्या छातीवरचे, दांडी नसलेले कापसासारखे बारीक मऊ तंतू. या तंतूंचा वाटा जितका जास्त तितकी उशी हलकी आणि महाग. मोठ्या हॉटेलांत तिच्यावर डोके टेकल्यावर जे सुख वाटते ते खरे आहे. पण पिसांना डोक्याखाली टिकून राहण्याचे बळ नाही. डोके पडले की ती बाजूला सरकतात, रात्री जागेवरून हलतात आणि पहाटे डोक्याखाली खोळीचे दोन थर आणि थोडीशी पिसे उरतात. गाठोड्याच्या चाचणीत दोन आकड्यांतला फरक इथे सर्वांत मोठा दिसतो. झोपताना बसवलेली मान पहाटेपर्यंत तशीच राहात नाही.

हा नुसता तर्क नाही. ऑस्ट्रेलियात सुसान गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुशीवर झोपणाऱ्या शंभरावर लोकांना पॉलिएस्टर, साधा फोम, उंचवट्यांचा फोम, पिसे आणि लॅटेक्स अशा पाच प्रकारच्या उशा एकेक आठवडा वापरायला दिल्या आणि सकाळच्या दुखण्याची नोंद ठेवायला सांगितले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पिसांची उशी सर्वांत मागे पडली. झोपेची प्रत आणि आराम दोन्हींत तिची कामगिरी वाईट होती. उंचवट्यांच्या फोमचा साध्या आकाराच्या फोमपेक्षा फायदा दिसला नाही. सर्वांत चांगली ठरली ती लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची उशी. मेमरी फोम आणि कापूस त्या यादीत नव्हते, त्यामुळे त्यांच्याबद्दल या अभ्यासातून काही ठरत नाही. पण जी उशी उंची धरते ती मानेला मानवते, एवढे त्यातून नीट दिसते. पिसांची उशी पालथे झोपणाऱ्यांना मात्र चालते. त्यांना मुळात उंची नकोच असते.

आता एक जोडपे घेऊ. समजा, पुण्यात राहणारा रुंद खांद्यांचा, कुशीवर झोपणारा चाळिशीतला गृहस्थ आणि त्याची उताणी झोपणारी, बारीक चणीची बायको. घरात सहा इंची मऊ फोमची गादी आणि ऑफरमध्ये घेतलेली फायबरच्या उशांची जोडी. उशा जोडीने विकल्या जातात, माना मात्र जोडीने घडत नाहीत. भिंतीशी मोजल्यावर त्याचे अंतर चौदा सेंटिमीटर भरते. गादीत खांदा तीन सेंटिमीटर रुततो. म्हणजे दबलेल्या अवस्थेत त्याला अकरा सेंटिमीटर हवेत. बायकोला सहा-सात पुरतात. दोन वर्षे वापरलेली त्यांची उशी गाठोड्याखाली लगेच आठ सेंटिमीटर आणि तीन तासांनी सहा दाखवते. तिला ती जुळते, म्हणून ती तक्रार करत नाही. तो रोज उजवी बाजू चोळत उठतो.

त्याने दोन उशा एकावर एक घेऊन पाहिल्या. उंची बारा झाली, पण वरची घसरते आणि रात्री खांदा उशीवर चढतो. उशी फक्त डोके आणि मान यांच्यासाठी असते. खांदा तिच्यावर आला की सगळी मोजणी फुकट जाते. त्याच्यापुढे मग दोन रस्ते उरतात. मेमरी फोम घ्यायचा तर न दबलेली उंची चौदा-पंधरा सेंटिमीटर हवी, आणि तेवढ्या उंचीची उशी सगळ्या दुकानांत सहज सापडत नाही. दुसरा रस्ता गादीवाल्याकडे जातो. सतरा बाय सत्तावीस इंचांची खोळ घ्यावी. कापसाची अशी उशी सामान्यतः दीड-दोन किलोंच्या घरात भरते. त्याला उंची जास्त हवी, म्हणून दोन किलोंनी सुरुवात करावी. लांब तंतूचा कापूस समोर पिंजून घ्यावा आणि एका कडेची शिवण कच्ची ठेवायला सांगावे.

कापूस पहिल्या पंधरवड्यात बसतो, तोवर उशी उंच वाटणार. त्यानंतर तो कुशीवर झोपलेला असताना बायकोने पाठीमागून मोबाइलवर एक फोटो काढावा. डोक्याचा मध्य, मान आणि पाठीचा कणा एका सरळ रेषेत, गादीला समांतर दिसले तर उशी जुळली. डोके वर गेलेले दिसले तर कच्च्या शिवणीतून शंभर-दीडशे ग्रॅम कापूस काढावा, खाली झुकलेले दिसले तर तेवढाच घालावा. उताण्या झोपणाऱ्या बायकोची उशी बदलायची गरज नाही, पण मानेखाली पोकळी राहात असेल तर पातळ पंचा गुंडाळून अभ्र्याच्या आत, मानेच्या बाजूला सरकवावा. दोन आठवड्यांत सकाळचा ताठरपणा उतरला नाही, हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली वाटत असेल, चक्कर किंवा ताप असेल, तर उशीचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जावे. मणक्यात दबलेली शीर कोणत्याही भरणाने मोकळी होत नाही. फोटोत रेषा सरळ आली आणि मान सलग आठवडाभर शांत राहिली, की गादीवाल्याकडून शिवण पक्की करून घ्यावी आणि किती किलो भरले ते खोळीच्या कोपऱ्यावर बॉलपेनने लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या पिंजणीला तेवढाच कापूस पुन्हा भरता येतो.